किती अणुबाँब लागतील? गटाने निर्णय घेण्याच्या तीन पद्धती

१९५१ च्या सुमारास अमेरिकेतील रँड या संशोधनसंस्थेत नॉर्मन डाल्की आणि ओलाफ हेल्मर यांनी सात तज्ज्ञांपुढे एक भयंकर प्रश्न ठेवला. अमेरिकेचे शस्त्रोत्पादन ठरावीक प्रमाणात घटवायचे असेल, तर सोव्हिएत नियोजकाला किती अणुबाँब लागतील? पहिल्या फेरीतली उत्तरे ५० पासून ५००० पर्यंत पसरलेली होती!

या सातांना एका मेजाभोवती बसवणे सोपे होते. पण बैठकीत ज्याचे पद मोठे, त्याचे मत जड ठरते. आणि एकदा चारचौघांत आकडा उच्चारला की माणूस सहसा तो सोडत नाही. म्हणून तज्ज्ञांना वेगळे ठेवून पाच प्रश्नावल्या पाठवल्या. इतरांनी विचारात घेतलेले मुद्दे प्रत्येकाला कळत, पण ते कोणाचे, हे कळत नसे. हीच डेल्फी पद्धत.

त्या काळी बोलबाला होता तो ब्रेनस्टॉर्मिंगचा. जाहिरातक्षेत्रातले ॲलेक्स ऑस्बॉर्न सांगत : एकत्र बसा, सुचेल ते बोला, टीका नंतर. पण १९५८ साली येल विद्यापीठातील प्रयोगाने त्याला धक्का दिला. चौघांच्या बोलत्या गटापेक्षा, एकेकट्याने काम केलेल्या चौघांच्या कल्पनांची बेरीज (पुनरुक्ती वगळूनही) जवळपास दुप्पट भरली. कारण साधे आहे : एक बोलत असतो तेव्हा बाकीचे थांबतात, आणि थांबता थांबता सुचलेले विसरतात.

अशा केवळ नावापुरत्या गटाला ‘नॉमिनल’ म्हटले गेले. त्या नावाची बैठक-पद्धत पुढे आंद्रे डेलबेक आणि अँड्र्यू व्हॅन डी व्हेन यांनी बांधली. येथे माणसे समोरासमोर बसतात, पण आधी मुकाट्याने लिहितात. मग प्रत्येकाने पाळीपाळीने एकेक मुद्दा सांगायचा, तो फळ्यावर लिहायचा, त्याचा अर्थ स्पष्ट करून घ्यायचा आणि शेवटी गुप्तपणे पसंतीक्रम द्यायचा. एका दुपारात निर्णय हवा असेल, तर मला हीच पद्धत उजवी वाटते. डेल्फीला कित्येक आठवडे लागतात. ब्रेनस्टॉर्मिंग कल्पना देते, पण त्यांतली निवडायची कोणती, हे ठरवून देत नाही.

रँडच्या त्या प्रयोगात अखेरीस उत्तरे १६७ ते ३६० इतकी जवळ आली. मात्र खरा आकडा कोणता, हे पडताळण्याची सोय नव्हती (सुदैवानेच!). तज्ज्ञ पटल्यामुळे जवळ आले, की वेगळे पडण्याच्या संकोचाने, हे नुसत्या आकड्यांवरून ओळखता येत नाही. दूर सरकलेल्याने लेखी कारण दिले आहे का, हे पाहावे लागते. गोपनीयतेमुळे हा प्रयोग १९६३ मध्येच प्रसिद्ध झाला. आणि १९७४ साली डेल्फीवर कठोर टीका करणारा हॅरल्ड सॅकमन यांचा अहवाल निघाला, तोही रँडमधूनच.