शब्दवेध : रजा

वडखळ नाक्यावर अलिबागची वाट गोव्याच्या रस्त्यापासून फुटते. इथल्या एसटी स्थानकात ३० वर्षं काढलेल्या वाहतूक नियंत्रकाच्या निरोपाच्या कार्डावर सहकाऱ्यांनी काय लिहावं? मी 'रजा' हा शब्द सुचवेन. मूळ अरबी शब्दाचा अर्थ संमती, राजीखुशी. फारसीतून तो मराठीत आला आणि परवानगीवरून घसरत परवानगीने मिळालेल्या सुट्टीवर थांबला. 'राजी' त्याच धातूचा. 'राजीनामा'ही मुळात मान्य असल्याचा कागद. आज तो बहुधा नाराज माणूस लिहितो, ही गंमतच. जुन्या मराठीत 'निरोप' म्हणजेसुद्धा आज्ञा. म्हणून तर तो 'घेतात'.

तेव्हा कार्ड असं असावं :

"साहेब, गणपतीत रजेचा विषय काढला की तुम्ही जादा गाड्यांचा तक्ता पुढे करायचात. नाका तुंबला की प्रवाशांच्या शिव्या मात्र खिडकीत बसून एकट्याने खाल्ल्यात, चालक-वाहकांपर्यंत पोचू दिल्या नाहीत. आज पहिल्यांदाच रजा मागणारे तुम्ही आणि देणारे आम्ही. राजी नाही, तरी मंजूर. बदली माणूस मिळालेला नाही."