मेल परत आला? आधी त्यातला पहिला आकडा बघा

नोकरीचा अर्ज ईमेलने पाठवला आणि थोड्या वेळात Mail Delivery Subsystem या नावाने इंग्रजीतला लांबलचक मेल आला, तर बहुतेक जण तो पूर्ण वाचत नाहीत. ‘मेल गेला नाही’ एवढंच समजून तोच मेल पुन्हा पाठवतात. कधी तो पुन्हा पाठवायची गरजच नसते, तर कधी दहा वेळा पाठवूनही उपयोग नसतो. यातलं नेमकं काय झालंय, ते त्या मेलमधल्या छोट्या आकड्यावरून कळतं.

हा आकडा येतो कुठून?

तुम्ही ‘सेंड’ दाबलं की तुमच्या ईमेल सेवेचा सर्व्हर समोरच्याच्या सर्व्हरशी बोलतो. या बोलण्याच्या नियमांना एसएमटीपी म्हणतात आणि ते १९८२ पासून वापरात आहेत. तुमचा सर्व्हर विचारतो, ‘या पत्त्यासाठी मेल आहे, घेणार का?’ समोरचा तीन अंकी आकड्यात उत्तर देतो. ते साधारण असं दिसतं:

```
RCPT TO:<jobs@example.com>
550 5.1.1 User unknown
```

पहिली ओळ तुमच्या सर्व्हरची, दुसरी समोरच्याची. त्यातला 550 हा जुन्या पद्धतीचा आकडा आहे. नुसत्या 550 वरून नकाराचं कारण स्पष्ट होत नसे, म्हणून नंतर त्याला ठिपके असलेला दुसरा आकडा जोडला गेला. इथे तो 5.1.1 आहे. नकार मिळाला की तुमचाच सर्व्हर तो मजकूर जोडून तुम्हाला कळवतो. यालाच मेल ‘बाउन्स’ होणं म्हणतात.

४ म्हणजे ‘नंतर या’, ५ म्हणजे ‘येऊ नका’

आकडा 4 ने सुरू होत असेल तर अडचण तात्पुरती आहे. समोरचा सर्व्हर बंद असेल, त्याच्यावर ताण असेल किंवा तो अनोळखी सर्व्हरला मुद्दाम थांबवत असेल. काही सर्व्हर पहिल्यांदा आलेल्या पाठवणाऱ्याला 451 4.7.1 असं सांगून परत पाठवतात. खरा सर्व्हर थोड्या वेळाने पुन्हा येतो, स्पॅम पाठवणारे बरेचदा येत नाहीत, असा त्यामागचा हिशोब असतो.

अशा वेळी तुमचा सर्व्हर मेल रांगेत ठेवतो आणि स्वतःच पुन्हा प्रयत्न करतो. एसएमटीपीच्या नियमांनुसार दोन प्रयत्नांमध्ये साधारण किमान ३० मिनिटांचं अंतर असावं आणि हार मानण्याआधी चार-पाच दिवस वाट पाहावी. प्रत्यक्षात प्रत्येक सेवा आपापली मुदत ठरवते, आणि ती यापेक्षा कमीही असू शकते.

आकडा 5 ने सुरू होत असेल तर नकार कायमचा आहे. तुमचा सर्व्हर पुन्हा प्रयत्न करणार नाही. तोच मेल, त्याच पत्त्यावर, तसाच पाठवला तर तेच उत्तर येईल. काहीतरी बदलावं लागेल, आणि काय बदलायचं ते पुढचे आकडे सांगतात.

मधला आकडा: अडलंय कुठे?

मधल्या आकड्यातला 1 म्हणजे पत्ता, 2 म्हणजे समोरच्याचा मेलबॉक्स, 3 म्हणजे समोरची मेल यंत्रणा, 4 म्हणजे नेटवर्क आणि 7 म्हणजे सुरक्षा किंवा धोरण. नेहमी दिसणारे काही आकडे असे आहेत:

* 5.1.1 – हा पत्ता अस्तित्वात नाही. बहुतेकदा स्पेलिंग चुकलेलं असतं किंवा त्या व्यक्तीने ती नोकरी सोडल्यावर खातं बंद झालेलं असतं.
* 4.2.2 आणि 5.2.2 – मेलबॉक्स भरला आहे. तेच कारण, पण 4 असेल तर जागा होण्याची वाट पाहिली जाईल, 5 असेल तर नाही. पत्ता मात्र बरोबर आहे, म्हणून त्या व्यक्तीला फोन करून जागा करायला सांगा.
* 5.3.4 – मेल फार मोठा आहे. पाठवताना फाइलचं रूप बदलतं आणि ती साधारण एक तृतीयांशाने फुगते. त्यामुळे समोरची मर्यादा २० एमबी असेल, तर १८ एमबीची फाइलही अडकू शकते. फाइल लहान करा किंवा लिंक पाठवा.
* 5.7.1 – पत्ता आहे, पण तुमचा मेल घ्यायची परवानगी नाही. काही ग्रुपचे पत्ते फक्त संस्थेतल्या लोकांकडूनच मेल घेतात. कधी स्पॅमच्या संशयावरूनही हाच आकडा येतो.
* 5.7.26 – पाठवणारा खरंच तोच आहे हे सिद्ध झालं नाही. स्वतःच्या डोमेनवरून मेल पाठवणाऱ्या दुकानांना आणि संस्थांना हा आकडा जीमेलकडून दिसतो. डोमेनची एसपीएफ आणि डीकेआयएम ही सेटिंग्ज नीट करणं हाच उपाय. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने याबाबतचे नियम कडक केले आहेत.

एक उदाहरण: शुक्रवारची मुदत

समजा, शुक्रवारी संध्याकाळपर्यंत पोहोचायला हवा असलेला अर्ज तुम्ही सोमवारी पाठवला. मंगळवारी हे आलं:

```
Action: delayed
Status: 4.4.1
```

4.4.1 म्हणजे समोरचा सर्व्हर उत्तर देत नाही. delayed म्हणजे मेल अजून रांगेत आहे. आत्ता तोच अर्ज पुन्हा पाठवला तर तोही त्याच रांगेत जाऊन बसेल, आणि सर्व्हर सुरू झाल्यावर समोर दोन प्रती पडतील. त्यापेक्षा त्या कार्यालयाला फोन करून दुसरा पत्ता मिळतो का ते विचारा, कारण रांगेतला मेल शुक्रवारपर्यंत पोहोचेलच याची खात्री नाही.

गुरुवारी दुसरा मेल आला:

```
Action: failed
Status: 4.4.7
```

इथे अनेकांची गल्लत होते. आकडा अजूनही 4 चाच आहे, म्हणून प्रयत्न चालू असतील असं वाटतं. पण 4.4.7 म्हणजे वाट पाहण्याची मुदत संपली, आणि failed म्हणजे तुमच्या सर्व्हरने प्रयत्न सोडले. पत्ता चुकीचा आहे असं मात्र कोणी म्हटलेलं नाही. त्यामुळे इथे मेल पुन्हा पाठवण्यात अर्थ आहे. म्हणूनच आकड्यासोबत Action ची ओळही वाचा: delayed असेल तर काम चालू आहे, failed असेल तर पुढची जबाबदारी तुमची.

याउलट मंगळवारीच failed आणि 5.1.1 आलं असतं, तर वाट पाहण्यासारखं काही नव्हतं. जाहिरातीतला पत्ता एकेक अक्षर जुळवून पाहायचा आणि दुरुस्त करून त्याच दिवशी पाठवायचा.

आकड्यावर किती विसंबायचं?

पहिला आकडा बऱ्यापैकी भरवशाचा असतो. पुढचे दोन सगळे सर्व्हर सारख्याच काटेकोरपणे वापरत नाहीत, म्हणून आकड्यापुढचं इंग्रजी वाक्यही वाचा. disabled, over quota, too large असे शब्द बरेचदा आकड्यापेक्षा स्पष्ट सांगतात.

तुम्ही न पाठवलेल्या मेलचा बाउन्स आला, तर कोणीतरी ‘पाठवणारा’ म्हणून तुमचा पत्ता खोटा टाकलेला असू शकतो. ‘सेंट’ फोल्डरमध्ये तो मेल आहे का ते पाहा. त्या बाउन्समधली लिंक किंवा अटॅचमेंट उघडू नका.

आणि बाउन्स आला नाही, म्हणजे अर्ज वाचला गेला असं नाही. समोरच्या सर्व्हरने 250 म्हणून मेल ताब्यात घेतला, एवढाच त्याचा अर्थ. तिथून तो स्पॅममध्येही जाऊ शकतो. मुदतीचं काम असेल तर पोच मागून घ्या.