प्रोबेशनवर असताना पीएफ आणि ईएसआय लागू होतो का?

हो, पहिल्या दिवसापासून. पूर्वी पीएफसाठी काही महिने नोकरी व्हावी लागत असे. 1 नोव्हेंबर 1990 पासून ती अट गेली. प्रोबेशन हा कंपनीचा नियम आहे, पीएफ कायद्यात त्यासाठी सूट नाही.

समजा, मेडशीचा तरुण चाकणच्या कारखान्यात लागला. मूळ पगार 12,000 रुपये, एकूण 16,000. कारखान्यात 20 हून जास्त कामगार आहेत. त्याच्या पगारातून दरमहा पीएफचे 1,440 आणि ईएसआयचे 120 रुपये कापले जातील. मालक पीएफचे तेवढेच आणि ईएसआयचे 520 रुपये स्वतःच्या खिशातून भरेल.

ईएसआयमध्ये उपचार आणि कामावरच्या अपघाताचं संरक्षण लगेच मिळतं. आजारपणाच्या रजेचे पैसे मात्र सहा महिन्यांच्या काळात किमान 78 दिवसांची वर्गणी भरल्यावरच मिळतात.

मर्यादाही लक्षात ठेवा: एकूण पगार 21,000 च्या वर असेल तर ईएसआय नाही. पहिलीच नोकरी असून मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 15,000 च्या वर असेल, तर पीएफ सक्तीचा नाही.

पैसे पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत जमा व्हायला हवेत. त्यानंतर पासबुक तपासा. पगारातून कपात दिसते पण पासबुकात नोंद नाही, तर EPFiGMS वर तक्रार करा.