वायफाय कनेक्टेड, पण लॉगिनचं पान गायब: फोन विचारतो तो एक प्रश्न

आजचा भाग एका फोन कॉलपासून सुरू करतो. आमगावचा माझा मामेभाऊ गोंदियाला आला होता. भरतीचा ऑनलाइन फॉर्म भरायची शेवटची संध्याकाळ, फोनमधला डेटा संपलेला, म्हणून तो एका सार्वजनिक वायफायपाशी जाऊन बसला. जागेचं नाव घेत नाही. तिथून मला फोन: “दादा, वायफाय तं कनेक्ट झालं गा, पण नंबर टाकायचं पान काही येतच नाही.”

मी नेमका गोंदियातच होतो, म्हणून थेट तिथे गेलो. पण तिथे काय सापडलं ते कळायला आधी थोडा इतिहास हवा.

पहिला प्रश्न म्हणजे हे पान असतंच कशाला? घरच्या वायफायला आपण पासवर्ड टाकतो आणि विषय संपतो. भारतातल्या सार्वजनिक वायफायला मात्र मोबाइल नंबर आणि ओटीपी लागतो, त्यामागे एक गंभीर घटना आहे. २६ जुलै २००८ ला अहमदाबादमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्याआधी काही मिनिटं पाठवलेला धमकीचा ईमेल नवी मुंबईतल्या सानपाड्याच्या एका घरातल्या, पासवर्ड नसलेल्या वायफायवरून गेल्याचं तपासात दिसलं. वायफाय एकाचं, वापरणारा भलताच. त्यानंतर फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने इंटरनेट कंपन्यांना सूचना काढली: सार्वजनिक वायफाय देताना माणसाची ओळख ठेवा, फोटो ओळखपत्राची प्रत घ्या किंवा मोबाइलवर एसएमएसने लॉगिन पाठवा. आपल्या ओटीपीच्या पानाचं मूळ तिथे आहे. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलला रेलटेल आणि गुगलचं मोफत वायफाय सुरू झालं, तिथेही नंबर टाका, ओटीपी घ्या, हीच पद्धत होती. अशा अडवणाऱ्या पानाला कॅप्टिव्ह पोर्टल म्हणतात.

आता दुसरा प्रश्न. फोनला कसं कळतं की इथे पोर्टल आहे? गंमत अशी की अनेक वर्षं वायफायकडे हे सांगायची सोयच नव्हती. पोर्टल करतं काय, तर तुम्ही कुठलीही साइट मागा, मध्येच ती मागणी पकडून त्या साइटच्या नावाने स्वतःचं पान पुढे करतं. सरळ मराठीत सांगायचं तर खोटं बोलतं.

मग फोनवाल्यांनी खोटं पकडायची युक्ती काढली: ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असा प्रश्न विचारायचा. विंडोज व्हिस्टा ठरलेल्या पत्त्यावरून एक छोटी फाइल मागायचं, तिच्यात फक्त “Microsoft NCSI” एवढंच लिहिलेलं. आयफोन एक पान मागतो, त्यात फक्त “Success” असतं. अँड्रॉइड `generate_204` नावाचा पत्ता उघडतो. तिथलं खरं उत्तर म्हणजे कोड २०४, अर्थात “देण्यासारखं काही नाही”. वायफाय जोडलं की तुमचा फोन हे गुपचूप करतो.

उत्तरं तीनच येऊ शकतात. खरं उत्तर आलं, तर फोन म्हणतो इंटरनेट चालू आहे. भलतंच उत्तर आलं, तर फोन म्हणतो इथे पोर्टल आहे, आणि लॉगिनची नोटिफिकेशन दाखवतो. काहीच उत्तर नाही आलं, तर “इंटरनेट नाही” म्हणून मोकळा होतो. म्हणजे पान आपोआप यायचं असेल, तर पोर्टलने याच एका प्रश्नाला खोटं बोलायला हवं. बाकी हजार ठिकाणी खोटं बोलून उपयोग नाही.

भावाच्या फोनवर एक विचित्र गोष्ट दिसली. गुगलचं सर्च उघडत होतं, शोधलेलं सापडतही होतं, पण सापडलेल्या कुठल्याही लिंकवर गेलं की नुसतं चाक फिरायचं. मी माझ्या फोनचा मोबाइल डेटा बंद केला, तेच वायफाय जोडलं आणि टर्मक्समध्ये दोन कमांड दिल्या. उत्तरातल्या कामाच्या तेवढ्या ओळी देतो:

```
$ curl -i http://connectivitycheck.gstatic.com/generate_204
HTTP/1.1 204 No Content

$ curl -i http://neverssl.com
HTTP/1.1 302 Found
Location: http://10.5.50.1/login
```

पहिल्याला खरं उत्तर, दुसऱ्याला लॉगिनकडे ढकललं. चोर सापडला! पोर्टल लॉगिनच्या आधीही काही पत्ते मोकळे ठेवू शकतं. इथल्या लॉगिन पानावर “गुगलने साइन इन करा” असंही बटण होतं. ते चालावं म्हणून सेट करणाऱ्याने गुगलचे सगळेच पत्ते मोकळे सोडले होते, आणि अँड्रॉइडची तपासणी त्यातच येते. फोनला खरं उत्तर मिळालं, त्याने वायफाय पास केलं, आणि पान दाखवायचं कारणच उरलं नाही. फोन बिघडलेला नव्हता, त्याला फसवण्यात पोर्टल कमी पडलं.

उपाय सोपा निघाला. ब्राउझरमध्ये पूर्ण `http://neverssl.com` टाकलं आणि लॉगिनचं पान आलं. `http` का? कारण `https` मध्ये समोरच्या साइटला ओळख पटवावी लागते. पोर्टल तिच्या नावाने बोलायला गेलं तर ब्राउझर धोक्याची सूचना देतो किंवा अडून बसतो. आज जवळपास सगळ्या साइट `https` वर आहेत, म्हणून “कुठलीही साइट उघडा, पान येईल” हा जुना सल्ला आता चालत नाही. `neverssl.com` मुद्दाम साधी ठेवलेली आहे.

तरीही पान आलं नाही, तर अँड्रॉइडच्या सेटिंगमधलं “प्रायव्हेट डीएनएस” बघा. जाहिराती बंद करायला अनेकांनी तिथे एखादा पत्ता टाकलेला असतो. लॉगिनच्या आधी त्या पत्त्यापर्यंत पोचताच येत नाही, त्यामुळे ब्राउझरला कुठल्याच साइटचं ठिकाण सापडत नाही. तेवढ्यापुरतं ते “ऑटोमॅटिक” करा, लॉगिन झालं की परत टाका.

मग हे कायमचं सुटणार कसं? सप्टेंबर २०२० मध्ये आरएफसी ८९१० आणि ८९०८ ही दोन मानकं आली. त्यांची कल्पना साधी आहे: वायफायने खोटं बोलूच नये. फोनला आयपी पत्ता देतानाच, डीएचसीपीच्या ११४ नंबरच्या पर्यायात, “माझ्याकडे पोर्टल आहे, इथे विचार” असा पत्ता द्यावा. अँड्रॉइड ११ आणि आयओएस १४ पासून फोनला हे समजतं. अडतं ते दुसऱ्या बाजूला. वायफायवाल्याने तो पर्याय भरायला हवा आणि त्या पत्त्यावर `https` चं वैध प्रमाणपत्र ठेवायला हवं. जिथे हे केलेलं नाही, तिथे फोन परत जुन्याच प्रश्नावर येतो.

भावाला ओटीपी आला आणि फॉर्म गेला. जाताना काउंटरवरच्या काकांना विचारलं, तर म्हणाले, “आयफोनवाल्यांचं तं बरोबर येते ना, म्हणून आमाले वाटलं तुमचेच फोन खराब आहेत.” बरोबरच होतं त्यांचं. आयफोनचा प्रश्न अ‍ॅपलच्या पत्त्यावर जातो, आणि तो पत्ता कोणी मोकळा सोडलेला नव्हता. वायफाय सांभाळणाऱ्यासाठी मी एका कागदावर लिहून दिलं: `connectivitycheck.gstatic.com` आणि `www.google.com` मोकळ्या यादीतून काढा, साइन इनसाठी फक्त `accounts.google.com` ठेवून तपासा.

तुमच्या गावात असं वायफाय असेल, तर वरच्या दोन कमांड देऊन बघा आणि काय आलं ते कळवा. भेटूया पुढच्या भागात!