घंटेचा नाद आणि दोन आकडे

श्रोतेहो, एफ. एम. हे नाव आपण रेडिओच्या संदर्भात ऐकतो. वाहक लहरीची कंपनसंख्या बोलणाऱ्याच्या आवाजाबरहुकूम कमीजास्त करायची आणि त्या चढउतारातून आवाज घरोघर पोचवायचा, एवढाच त्याचा अर्थ. पण हीच युक्ती आवाज पाठविण्यासाठी न वापरता आवाज घडविण्यासाठी वापरली तर? ती हकिगत आज सांगायची आहे.

1967 साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन चाउनिंग हे संगीतकार संगणकाकडून स्वर काढीत होते. गवई लांबवलेला स्वर जसा किंचित खालीवर झुलवतो, तसे ते एका शुद्ध स्वराला झोके देऊन पाहत होते. सेकंदाला पाचसहा झोके असले म्हणजे कानाला ते कळतात. चाउनिंग यांनी झोक्यांचा वेग आणि लांबी दोन्ही वाढवीत नेली. मग झोका कळेनासा झाला आणि त्याच्या जागी अगदी निराळा, भरलेला नाद ऐकू आला! जो झुलतो तो स्वर वाहक; जो झुलवतो तो मॉड्युलेटर. 1973 साली त्यांनी या पद्धतीवर लेख प्रसिद्ध केला. त्यात घंटेची कृती दिली आहे.

वाहकाची कंपने सेकंदाला 200 आणि मॉड्युलेटरची 280 घ्या. हे प्रमाण झाले एकास 1.4. आता 200 मध्ये 280 पुनःपुन्हा मिळवत गेलो की 480, 760, 1040 असे उपस्वर उमटतात. वजा करत गेलो की उत्तरे शून्याखाली जातात. पण वजाबाकीतले उणे 80 कानाला 80 म्हणूनच ऐकू येते, उणे 360 हे 360 म्हणून. सगळे मिळून 80, 200, 360, 480, 640, 760 अशी रांग लागते. तंबोऱ्याच्या तारेचे उपस्वर मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असतात. इथे तसा मेळ नाही, आणि धातूच्या घंटेतही तो नसतो. म्हणून कान म्हणतो, ही घंटा! मॉड्युलेटरही 200 चाच ठेवला असता, तर 400, 600, 800 असे सुरेल उपस्वर मिळाले असते आणि घंटा हरवली असती.

हा झाला पहिला आकडा. दुसरा आकडा खोलीचा. वाहक किती कंपने वरखाली झुलतो, त्याला मॉड्युलेटरच्या कंपनसंख्येने भागले की खोली मिळते. घंटेसाठी ती आरंभी 10 असते; म्हणजे झोका 2800 कंपनांचा. खोलीत एक मिळवला की साधारण तितक्या जोड्या उपस्वर ठळक ऐकू येतात, इथे अकरा. पण खरी मेख पुढेच आहे. पंधरा सेकंदांच्या नादात आवाज जसा विरतो, तशी खोलीही 10 वरून शून्यावर उतरली पाहिजे. मग टोल पडताना खणखणाट होतो, आणि अखेरीस 200 चा एकटा, मऊ स्वर उरतो. खोली तशीच ठेवून नुसता आवाज कमी केला, तर दूर जाणाऱ्या भोंग्यासारखे वाटते. चूक ओळखण्याची हीच खूण.

पुढे ही पद्धत जपानच्या यामाहा कंपनीने स्टॅनफर्डकडून परवान्याने घेतली, आणि 1983 साली त्यांचे डीएक्स-7 हे वाद्य बाजारात आले. त्यात प्रत्येक स्वरासाठी असे सहा लहरजनक आहेत. त्यांना ऑपरेटर म्हणतात. त्याचा विजेच्या पियानोचा आवाज फार गाजला. त्या पियानोत हातोडी धातूच्या बारीक काडीवर पडते. आधी क्षणभर 'टिंग' होते, मग गोल स्वर राहतो. डीएक्स-7 मध्ये ऑपरेटरांच्या तीन जोड्या केल्या. दोन जोड्यांचे प्रमाण एकास एक. त्या गोल स्वर देतात. तिसरीत मॉड्युलेटर वाहकाच्या चौदापट. 220 चा स्वर दाबला तर मॉड्युलेटर 3080 चा, आणि उपस्वर 2860 व 3300 ला. हे 220 च्या तेरापट आणि पंधरापट, म्हणजे उंच असूनही सुरात. ही खोली थोडीच ठेवायची आणि लवकर उतरवायची. ती फार झाली तर काच फुटल्यासारखे वाटते. शिवाय पट्टी जोरात दाबली की खोली वाढेल अशी योजना करतात, म्हणून वाद्य बोटाला उत्तर देते.

एक मर्यादा मात्र आहे. वरच्या सप्तकांत चौदापट म्हणजे फारच उंच कंपने होतात. यंत्राच्या मर्यादेपलीकडे गेलेले उपस्वर परत खाली दुमडून बेसूर बनून येतात. म्हणून वरच्या पट्ट्यांवर खोली कमी करत न्यावी लागते.

श्रोतेहो, देवळातली घंटा आता वाजेल तेव्हा टोल पडल्यावर लगेच पाठ फिरवू नका. शेवटपर्यंत कान द्या. वरचे स्वर आधी गळतात आणि खालचा मागे रेंगाळतो. चाउनिंग यांच्या घंटेत खोलीचा उतरता आकडा तेच काम करतो.