नाव लपवावे, कविता दिसावी

वाढदिवसानिमित्त मित्राच्या नावाच्या आद्याक्षरांवर ओळी रचल्या, की बहुधा नाव उरते, कविता उरत नाही. लुईस कॅरलने ‘थ्रू द लुकिंग ग्लास’ (१८७१) या पुस्तकाच्या अखेरीस दोन्ही राखले. ॲलिस प्लेझन्स लिडेल या बालमैत्रिणीच्या नावात इंग्रजी २१ अक्षरे. कविताही २१ ओळींची. कडवी मात्र तीन-तीन ओळींची. त्यामुळे पाच अक्षरांचे ‘ॲलिस’ दुसऱ्या कडव्यात मध्येच संपते व नाव डोळ्यांत भरत नाही. १८६२ च्या जुलैतील नौकाविहार आणि सरलेले बालपण हा विषय स्वतंत्रपणे उभा राहतो.

मराठीत अडचण निराळी: ‘ण’ व ‘ळ’ यांनी शब्द सुरू होत नाहीत. ‘कमळा’ या नावासाठी आम्ही एडगर ॲलन पोने १८४६ मध्ये योजिलेली तिरपी रीत घेतो. पहिल्या ओळीचे पहिले, दुसरीचे दुसरे, तिसरीचे तिसरे अक्षर. स्वरचिन्ह बदलले तरी चालावे:

कालच्याच काठी आज भेटलो,
नमून जळही दोघींस पाहे;
कोवळा अजूनही तुझा चैत्र.

नाव ठाऊक नसलेल्यास ओळी वाचून दाखवाव्यात. त्याला काही उणे भासले नाही, तरच त्या भेट द्याव्यात.