स्काट : न पाहिलेल्या दोन पानांवर लावलेली बोली

आजचा धागा स्काट या जर्मन पत्त्यांच्या खेळाविषयी आणि विशेषतः त्यातील बोलीविषयी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात थुरिंगियातील आल्टेनबुर्ग या छोट्या राजधानीत हा खेळ आकाराला आला. टारोक खेळणाऱ्या तिथल्या एका मंडळात प्रकाशक ब्रॉकहाऊससारखी माणसे होती. शेतकऱ्यांचा शाफकोप्फ आणि उच्चभ्रूंचा टारोक यांच्या मिश्रणातून त्यांनी नवा डाव रचला.

खेळाडू तीन आणि पाने ३२. प्रत्येकाला दहा पाने मिळतात, उरलेली दोन मध्ये पालथी राहतात. या दोन पानांनाच ‘स्काट’ म्हणतात. जो बोली जिंकतो तो ती दोन पाने उचलतो, नको असलेली दोन बाजूला ठेवतो, हुकूम जाहीर करतो आणि एकटा दोघांविरुद्ध खेळतो. पानांचे एकूण गुण १२०; त्यातले ६१ मिळवणे त्याला भाग असते. आपल्याकडील तीनशे चार खेळलेल्यांना एक गोष्ट ओळखीची वाटेल : येथेही गुलाम सर्वांत वरचढ असतो. चारही गुलाम नेहमीच हुकूम असतात आणि त्यांचा क्रम किल्वर, इस्पिक, बदाम, चौकट असा ठरलेला आहे.

आल्टेनबुर्गच्या जुन्या पद्धतीत बोली रंगाची असे. चौकटीपेक्षा बदाम वरचढ, बदामापेक्षा इस्पिक, इस्पिकापेक्षा किल्वर. ही पद्धत सोपी होती, पण माझ्या मते अन्यायकारक. एकही गुलाम नसलेला, पण चौकटीचा एक्का हाती असलेला खेळाडू चौकटीचा डाव मागे, आणि किल्वरचा एकच गुलाम असलेला दुसरा केवळ किल्वर म्हणून त्याचा डाव हिरावून घेई.

लाइपझिगकडच्या खेळाडूंनी यावर वेगळा तोडगा काढला. बोली रंगाची नको, डावाच्या किमतीची असावी. चौकटीची मूळ किंमत ९, बदामाची १०, इस्पिकाची ११, किल्वरची १२. ‘ग्रांड’ म्हणजे फक्त गुलामच हुकूम असलेला डाव. त्याची आज २४. या आकड्याला गुणायचे असते. किल्वरच्या गुलामापासून सलग किती वरची हुकुमाची पाने आपल्याजवळ आहेत ते मोजायचे आणि त्यात खेळाचा एक मिळवायचा. तो गुलाम आपल्याजवळ नसेल, तर सलग किती पाने ‘नाहीत’ ते मोजायचे. वरच्या उदाहरणात चौकटवाल्याचे ९ गुणिले ५ म्हणजे ४५ होतात, तर किल्वरवाल्याचे १२ गुणिले २ म्हणजे फक्त २४.

या पद्धतीने रंगही झाकला जातो. कोणी ३६ म्हटले, तर ती चौकटीची चौपट आहे की किल्वरची तिप्पट, हे प्रतिस्पर्ध्याला कळत नाही. १८८६ मध्ये आल्टेनबुर्गला पहिला स्काट-संमेलनाचा सोहळा झाला आणि नियमांचे एकीकरण सुरू झाले; आकड्यांच्या बोलीला अधिकृत स्थान मात्र १९२०च्या दशकाच्या अखेरीसच मिळाले.

न्याय आला खरा, पण त्याबरोबर एक सापळाही आला. समजा, आपल्याजवळ बदाम व चौकटीचे गुलाम, इस्पिकाचे एक्का, नव्वी, अठ्ठी, सत्ती, बदामाचे एक्का व नव्वी आणि चौकटीची दश्शी व अठ्ठी आहे. वरचे दोन गुलाम नाहीत. म्हणजे दोन अधिक एक, इस्पिकाचे ११ गुणिले ३, एकूण ३३. चुरस वाढते आणि आपण ३३ वर डाव घेतो. स्काट उलटतो, तर त्यात किल्वरचा गुलाम आणि किल्वरची नव्वी! खेळातले सर्वोच्च पान हाती आले, पण इस्पिकाचा गुलाम अजून बाहेर असल्याने आपण आता ‘एकासह’ आहोत. डावाची किंमत ११ गुणिले २, म्हणजे २२ वर घसरली. ३३ ची बोली देऊन २२ चा डाव!

आता दोनच वाटा उरतात. इस्पिकावरच राहिलो, तर ६१ पुरत नाहीत. प्रतिपक्षाला ३० वर रोखून ९० गुण मिळवले, तरच आणखी एक गुणक वाढून ३३ भरतात. दुसरी वाट ग्रांडची : २४ गुणिले २, म्हणजे ४८, बोलीपेक्षा जास्त. पण मग इस्पिकाची छोटी पाने हुकूम राहत नाहीत. हरलेल्या डावाची दुप्पट वजा होते : इस्पिकात ६६, ग्रांडमध्ये ९६. इस्पिकात ७५ गुण मिळवूनही, म्हणजे पाने जिंकूनही, माणूस ६६ ने हरतो. मी स्वतः अशा वेळी ग्रांडच खेळतो, कारण तीन गुलाम आणि दोन एक्के हाती असताना ६१ गाठण्याची आशा ९० गाठण्यापेक्षा अधिक असते.

मुरलेले खेळाडू म्हणून ‘दोनाशिवाय’ किंवा ‘तिनाशिवाय’ बोलताना शेवटच्या पायरीवर थबकतात. ‘सह’ असलेल्या डावाची किंमत स्काटमुळे कधी कमी होत नाही, वाढू मात्र शकते. ‘शिवाय’च्या डावाची किंमत मात्र स्काटमुळे घसरू शकते.